आधी दार, मग विहीर

युद्धाच्या दहाव्या दिवशी संजय रणांगणावरून हस्तिनापुरात येतो आणि धृतराष्ट्राला पहिली बातमी देतो ती भीष्म पडल्याची. सैन्यं कशी उभी राहिली, शंख कोणी फुंकले, अर्जुनाने धनुष्य खाली का ठेवलं, यातलं अजून त्याने काहीच सांगितलेलं नाही. धृतराष्ट्र हादरतो आणि मग त्याच्या प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. भीष्मांसारखा माणूस पडलाच कसा? त्यांच्या आजूबाजूला कोण होतं? आपली माणसं काय करत होती? या प्रश्नांना उत्तर देताना संजय मागे जातो, थेट पहिल्या दिवसापर्यंत, आणि त्या मागे जाण्यातच गीता येते. दूरदर्शनवरच्या मालिकेमुळे संजय म्हटलं की धावतं समालोचन करणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. भीष्मपर्वात मात्र आधी बातमी आहे आणि हकिकत नंतर.

यात पूर्वकथा गाळलेली नाही, उलट भरपूर आहे. फक्त ती धृतराष्ट्राने मागितल्यावर मिळते. ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न आधी उभा करायचा आणि माहिती त्याच्या मागून आणायची, हा क्रम जमला की तीच माहिती कंटाळवाणी वाटत नाही. हल्ली फोनवर आपला एखादा अनुभव गोष्टीसारखा लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं गाडं नेमकं इथेच अडतं. पडद्यावर सुरुवातीच्या चार-पाच ओळी दिसतात आणि पुढचं उघडायचं की नाही हे त्या ओळींवर ठरतं. त्याच ओळी लिहिणाऱ्याने आपलं गाव, शिक्षण आणि घरातली माणसं सांगण्यात खर्च केलेल्या असतात.

हे तंत्र जुनं आहे. रोमन कवी होरेसने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात काव्यकलेवर पद्यात लिहिताना होमरची तारीफ केली ती यासाठीच की, तो ट्रॉयच्या युद्धाची गोष्ट हेलनच्या जन्मापासून सुरू करत नाही, ऐकणाऱ्याला एकदम प्रसंगांच्या मधोमध नेतो. इलियड उघडतं तेव्हा युद्धाचं दहावं वर्ष चालू आहे आणि आपल्याच छावणीत अकिलीझ आणि अगामेम्नॉन यांच्यात तंटा पेटला आहे. पुढची सगळी कथा जेमतेम काही आठवड्यांची. पण होमर आणि व्यास या दोघांकडे आपल्यापाशी नसलेली एक सोय होती: त्यांच्या श्रोत्यांना मूळ गोष्ट ठाऊक होती. हेलन कोण आणि भीष्म कोण हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. आपली ताई कोण आणि आपले काका कोण, हे आपल्या वाचकाला ठाऊक नसतं. त्यामुळे ‘मधूनच सुरू करा’ एवढा सल्ला पुरत नाही. कुठल्या मधून, आणि तिथे उभं राहण्यापुरती किती माहिती हाताशी द्यायची, खरं कौशल्य तिथे लागतं.

एक उदाहरण घेऊ. माणसं आणि प्रसंग काल्पनिक आहेत, पण असा मजकूर तुम्ही वाचलेला असेल.

‘आमचं गाव माण तालुक्यातलं. दुष्काळी भाग. वडील एसटीत कंडक्टर होते. ३२ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. आम्ही तिघं भावंडं. ताई सगळ्यात मोठी, लहानपणापासून हुशार. तिने डी.एड. केलं. मागच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा बारामतीचा, घरचे चांगले. लग्न गावीच करायचं, असा वडिलांचा हट्ट. मांडव पडला, ६०० माणसांचा अंदाज धरला, आचारी ठरवला...’

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही, खोटंही नाही. पण एकाही वाक्याने वाचकाला काही विचारायला लावलेलं नाही. मुलगा बारामतीचा आहे. बरं, मग? पुढे मजकुरात कळतं की लग्नाच्या पहाटे आचारी आलाच नाही आणि त्याचा फोन बंद लागतोय. त्याच्याही बऱ्याच पुढे कळतं की गावात एवढ्या माणसांचा स्वयंपाक उठवू शकेल असा एकच माणूस होता, तो म्हणजे लिहिणाऱ्याचे सख्खे काका. पुण्यात २५ वर्षं खानावळ चालवून ते गावी परतले होते. आणि त्यांच्याशी वडील अकरा वर्षं बोलत नव्हते.

असा मजकूर हातात आला की बहुतेक जण ‘आचाऱ्याचा फोन बंद’ हे वाक्य उचलून वर ठेवतात. पहिल्या मसुद्यापेक्षा ते नक्कीच बरं. तरी ते पुरेसं नाही. आचारी न येणं हा घोटाळा झाला. असे घोटाळे प्रत्येक लग्नात होतात आणि माणसं कुठून तरी पुरीभाजी मागवून निभावून नेतात. ताण निर्माण व्हायला तीन गोष्टी एकाच ठिकाणी यायला लागतात: कोणाला तरी काहीतरी हवं आहे, मध्ये काहीतरी आडवं आलं आहे, आणि मागे फिरलं तर किंमत मोजावी लागणार आहे. या हकिकतीत त्या तिन्ही एकत्र येतात त्या वडील आपल्या भावाच्या दारात उभे राहतात तेव्हा. आत जायचं तर अकरा वर्षांचा अबोला गिळावा लागणार, परतायचं तर ६०० माणसं उपाशी. गोष्टीचं तोंड इथे आहे.

हे तोंड शोधायला एक साधा उपाय आहे. मसुद्यातलं असं पहिलं वाक्य शोधायचं की ज्याच्यानंतर सगळं पूर्वीसारखं राहणं शक्य नाही. ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात दडलेलं असतं. त्याच्या आधीचा मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेला असतो, लिहिता लिहिता गोष्टीत शिरण्यासाठी. तो लिहू नये असं मुळीच नाही. लिहावा, आणि मग बाजूला काढून ठेवावा. हीच गोष्ट तोंडी सांगताना आपण फारसे चुकत नाही, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. चहाच्या टपरीवर हाच माणूस मित्राला सांगेल, ‘अरे, ताईच्या लग्नाच्या सकाळी बाप कोणाच्या दारात गेला माहितीये?’ लिहायला बसला की त्याच्यात शाळेतला निबंध संचारतो.

आता सुरुवात नव्याने लिहून पाहू.

‘सकाळचे सात वाजले होते. कडी वाजवायला वडिलांनी हात वर केला आणि पुन्हा खाली घेतला. सख्ख्या भावाच्या या दारात ते अकरा वर्षांत आले नव्हते. तिकडे मांडवात चुली थंड पडल्या होत्या, ६०० पानं उठायची होती, आणि ठरवलेल्या आचाऱ्याचा फोन पहाटेपासून बंद लागत होता.’

चार वाक्यं. माण तालुका नाही, डी.एड. नाही, बारामती नाही. तरी वाचक अधांतरी लटकत नाही. कोण, कुठे आणि काय अडलंय हे त्याला कळतं. याहून कमी दिलं असतं तर बिघडलं असतं. समजा, पहिलं वाक्य असं आहे: ‘तो दारात उभा होता. आत जावं की नाही, त्याला कळत नव्हतं.’ यात गूढ आहे, ताण नाही. तो कोण, दार कोणाचं आणि आत काय आहे हे लपवून वाचकाला पुढे ओढता येईल, असं लिहिणाऱ्याला वाटत असतं. प्रत्यक्षात वाचक चाचपडतो आणि दोन ओळींनंतर सोडून देतो.

आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या गप्पांत हा फरक फार नेमका सांगितला होता. दोन माणसं टेबलाशी बसून गप्पा मारत आहेत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का मिळतो. पण बॉम्ब एक वाजता फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला आहे, तर त्याच रटाळ गप्पा १५ मिनिटं जीव टांगणीला लावतात. ताणासाठी माहिती लागते, आणि ती नेमकी लागते. ‘अकरा वर्षांत आले नव्हते’ हा आपल्या गोष्टीतला टेबलाखालचा बॉम्ब आहे. तो पहिल्या चार ओळींत दिसलाच पाहिजे. वडिलांची ३२ वर्षांची नोकरी तिथे काहीच काम करत नाही. ती कितीही अभिमानाची असली, तरी या गोष्टीत तिला जागा नाही.

मग उरलेल्या पूर्वकथेचं काय करायचं? संजयासारखं करायचं. पुढचा प्रसंग असा आहे: काकू दार उघडतात, वडिलांना बघतात आणि काही न बोलता मागे वळून आत बघतात. आता वाचकाच्या मनात प्रश्न तयार झाला आहे: यांचं बिनसलं कशावरून? उत्तर द्यायची वेळ हीच, याच्या आधी नाही आणि फार नंतरही नाही. ‘अकरा वर्षांपूर्वी सामाईक विहिरीच्या पाळीवरून वाद झाला होता. वडिलांनी मोटर बंद केली. काकांनी पाईप कापला. त्या उन्हाळ्यात दोघांचाही ऊस वाळला.’ एवढं पुरे. लगेच पुन्हा दारात यायचं: ‘आतून काकांच्या चपला वाजल्या.’

या चार वाक्यांच्या व्याकरणाकडे जरा बारकाईने बघायला हवं. मागे जाताना पहिल्या वाक्यात ‘झाला होता’ आहे. नंतरच्या वाक्यांत मात्र साधा भूतकाळ आहे: केली, कापला, वाळला. ‘वडिलांनी मोटर बंद केली होती, काकांनी पाईप कापला होता, ऊस वाळला होता’ असं लिहिलं की प्रत्येक ‘होता’ वाचकाला आठवण करून देतो की हे जुनं झालं, खरी गोष्ट दुसरीकडे चालली आहे. मागे जाण्याची खूण म्हणून एक ‘होता’ पुरतो, फार तर दोन. उलट बाजूने हीच गोष्ट तपासणीलाही उपयोगी पडते. आपल्या मसुद्यात ‘होता-होती-होतं’वर संपणारी वाक्यं एकामागून एक लागली असतील, तर तिथे पूर्वकथेची गाठ बसली आहे असं खुशाल समजावं. अर्थात ‘चुली थंड पडल्या होत्या’ हा प्रकार वेगळा, तिथे त्या घटकेची स्थिती सांगितली आहे. ओळखायची खूण एकच: वाक्य आपल्याला दारातच ठेवतं की दारापासून दूर नेतं?

मागे जाणं बहुधा एकदाच असावं आणि आखूड असावं. विहिरीवरून आजोबांच्या वाटणीवर, वाटणीवरून आजीच्या दागिन्यांवर असं घसरत गेलं की वडील दारात उभे आहेत हे लिहिणाराच विसरतो. आणि परतताना एखादी ठोस वस्तू किंवा आवाज हवा, म्हणजे वाचक नेमका जिथे होता तिथे येतो. चपलांचा आवाज त्यासाठी आहे.

इथे कोणी म्हणेल, आपल्या परंपरेत तर लांबलचक नमनं आहेत. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आधी, आख्यान उत्तररंगात. तमाशात गण, गवळण, बतावणी झाल्यावर वग उभा राहतो. खरं आहे, पण त्या नमनाला तिथे काम आहे. लोक येत असतात, जागा धरत असतात, टाळ-मृदंग किंवा ढोलकी जमत असते. शिवाय कीर्तनाचा पूर्वरंग म्हणजे माहितीचा ढीग नव्हे. त्यात विषयाचं निरूपण असतं आणि आख्यान त्याच विषयाचा दाखला म्हणून येतं. देवळात येऊन बसलेला माणूस पाचव्या मिनिटाला उठून जात नाही. फोनवर वाचणारा बसलेलाच नसतो, तो लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभा असतो.

क्रम बदलल्याने एक गोष्ट हळूच बदलते, आणि तिच्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. पहिल्या ओळीत आपल्याला वडील दिसतात: हात वर करून खाली घेणारे, लेकीच्या लग्नासाठी मान खाली घालायला आलेले. वाचक तत्क्षणी त्यांच्या बाजूचा होतो. काका अजून बंद दाराआड आहेत, म्हणून न बोलताच ते खलनायक होतात. गावापासून सुरू होणाऱ्या मूळ मसुद्यात हा पक्षपात नव्हता, कारण तिथे सगळेच सारखे सपाट होते. ताणाच्या क्षणी सुरुवात केली की ज्याच्या नजरेतून आपण तो क्षण बघतो त्याच्याकडे पारडं झुकतं. गोष्ट खरी असेल आणि काका ती वाचणार असतील, तर ही जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. म्हणून ‘वडिलांनी मोटर बंद केली’ हे वाक्य पाईप कापण्याच्या आधी यायला हवं आणि लवकर यायला हवं. आधी आगळीक कोणाची, हे वाचकाला दार उघडता उघडता कळलं पाहिजे. ते शेवटासाठी राखून ठेवलं तर धक्का मोठा बसेल खरा, पण तो काकांच्या जिवावर बसेल. खऱ्या प्रसंगांचा सांगण्याचा क्रम हलवायला माझी हरकत नाही. प्रसंग मात्र हलवू नयेत. वडील सात वाजता गेले नसतील तर घड्याळात सात वाजवायचे नाहीत, आणि काकूंनी काही बोलल्या असतील तर त्यांना मुकं करायचं नाही.

दुसरी अडचण शेवटाची. दारात सुरू झालेली गोष्ट वाचकाला एक उधारी देऊन ठेवते: या दोन भावांचं काय झालं? ती फेडल्याशिवाय सुटका नाही. मी वाचलेल्या अशा कितीतरी मजकुरांची सुरुवात झकास असते आणि शेवट मात्र ‘ताई आज सुखात आहे, लग्न थाटात पार पडलं’ असा होतो. ताईच्या सुखाबद्दल सुरुवातीला प्रश्नच नव्हता. काका आले का, कढईपाशी उभे राहून वडिलांशी काय बोलले, की आले, स्वयंपाक उठवला आणि न जेवता निघून गेले, हे हवं असतं. त्यातलं जे खरं घडलं असेल ते द्यावं. अबोला सुटला नसेल तर सुटला नाही म्हणून लिहावं. फेडता येत नसेल तर दारातून सुरू करू नये, आचाऱ्याच्या बंद फोनवरून सुरू करावं. ती लहान गोष्ट होईल, पण प्रामाणिक होईल.

‘पुढे जे घडलं त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही’ छापाच्या सुरुवातींबद्दल वेगळं लिहिण्याची गरज नाही. त्यात प्रसंग नसतोच, प्रसंगाची जाहिरात असते. तीच गत किंकाळीने सुरू होऊन ‘आणि मला जाग आली’वर उतरणाऱ्यांची.

काही हकिकतींना मात्र ही पद्धत लावू नये. विम्याचा दावा, पोलिसांतली तक्रार, डॉक्टरांना सांगायची दुखण्याची हकिकत, इथे तारीखवारच बरं. वाचणाऱ्याला तिथे ताण नको असतो, क्रम हवा असतो. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मृत्यूच्या खोलीतून सुरुवात केली की माणूस बाजूला राहतो आणि आजारपणच समोर येतं. विनोदी लेखनातही बऱ्याचदा आधी माणूस उभा करावा लागतो, कारण तो कसा आहे हे कळल्याशिवाय त्याच्या फजितीला हसू येत नाही. आणि काही अनुभवांत ताण एका क्षणात मावतच नाही. आजीची स्मृती चार वर्षांत थोडी थोडी गेली, यात कुठलं दार शोधणार? तिथे मोठा प्रसंग ओढूनताणून आणण्यापेक्षा एखादा छोटा पकडावा. आजी दूध उतू जाताना समोर उभी राहून बघत राहिली, पण गॅस बंद करायचं तिला सुचलं नाही. वाचकाला लगेच कळतं की काहीतरी बिनसलं आहे, आणि किती दिवसांपासून हे तो आपणहून विचारतो.

सुरुवात जमली की नाही हे स्वतःला कळणं अवघड असतं, कारण आपल्याला विहीर ठाऊक असते. म्हणून पहिल्या पाच ओळी घराबाहेरच्या कोणाला तरी वाचायला द्याव्यात, बाकीचा मजकूर झाकून, आणि ‘कसं वाटलं’ असं मुळीच विचारू नये. त्याला फक्त एवढंच विचारावं की आता तुला काय कळून घ्यायचं आहे. तो ‘हे दोघं कोण?’ म्हणाला तर आपण फार पुढून सुरू केलं, एखादं नातं किंवा ठिकाण वर आणायला हवं. ‘काही नाही, वाचतोय’ म्हणाला तर फार मागून सुरू केलं. ‘भांडण कशावरून झालं होतं?’ म्हणाला, तर सहाव्या ओळीत विहीर लिहायला घ्यावी.